भुकटीचा बँड गॅप टॉक आलेखावरून काढताना: झिंक ऑक्साइडचे एक उदाहरण

द्रावणाचे शोषण मोजायचे असेल तर ते क्युव्हेटमध्ये भरून त्यातून प्रकाश आरपार पाठवता येतो. भुकटीच्या बाबतीत ही सोय नसते, कारण तिच्या थरात शिरलेला प्रकाश कणाकणावर आपटून विखुरतो आणि त्यातला न शोषलेला भाग पुन्हा आलेल्या बाजूनेच सर्व दिशांना बाहेर पडतो. म्हणून भुकटीसाठी पारेषणाऐवजी हे विखुरलेले, म्हणजेच विसरित परावर्तन मोजतात आणि त्यावरून शोषणाचा अंदाज बांधतात. या अंदाजाचा आलेख काढून त्याचा सरळ भाग खाली ऊर्जेच्या अक्षापर्यंत वाढवला की जिथे छेद मिळतो, तो बँड गॅप, म्हणजे पदार्थातल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात उडी मारायला लागणारी किमान ऊर्जा. हे इतके सोपे वाटते की एम.एस्सी.च्या प्रकल्पात विद्यार्थी हे काम एका दुपारी उरकतात. मात्र एकाच भुकटीच्या एकाच मापनातून तिघांनी ३.१३, ३.२१ आणि ३.२३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असे तीन आकडे काढलेले मी पाहिले आहेत, आणि तिघांच्याही रेषा डोळ्यांना सरळच दिसत होत्या. हा लेख मुख्यतः त्या रेषेविषयी आहे. उदाहरणासाठी झिंक ऑक्साइड घेतले आहे, कारण ते बनवायला सोपे आहे, पांढरे आहे आणि त्याचा बँड गॅप कोणत्या प्रकारचा आहे याविषयी वाद नाही.

भुकटी आणि पांढरा संदर्भ

आमच्या उदाहरणातली भुकटी झिंक ॲसिटेटपासून अवक्षेपण करून आणि नंतर ५०० अंश सेल्सिअसला भाजून केलेली होती. भट्टीतून काढताना ती पिवळसर दिसते आणि नवख्यांना वाटते की काहीतरी बिघडले. वास्तविक गरम झिंक ऑक्साइडचा बँड गॅप आक्रसतो, त्यामुळे ते निळ्या-जांभळ्या टोकाचा थोडा प्रकाश शोषू लागते आणि पिवळे दिसते. थंड झाले की पुन्हा पांढरे होते. यातून पहिली सूचना आपोआपच निघते: नमुना खोलीच्या तापमानाला पूर्ण आल्याशिवाय मापन करू नये.

गोव्यातल्या पावसाळ्यात हे थंड करणेही जरा जपून करावे लागते. जुलैमध्ये भुकटी बाकावर उघडी ठेवून थंड केली तर ती हवेतला ओलावा धरते आणि तिचे खडे होतात. पाण्याच्या वाफेमुळे ३८० नॅनोमीटरजवळचे शोषण फारसे बदलत नाही, हे खरे आहे. पण खडे झालेली भुकटी होल्डरमध्ये सपाट बसत नाही आणि खडबडीत पृष्ठभागामुळे प्रत्येक वेळी भरताना वेगळे परावर्तन मिळते. म्हणून भुकटी ओव्हनमध्ये ११० अंशांवर तास-दोन तास वाळवून डेसिकेटरमध्ये थंड करावी, आणि डेसिकेटरमधली निळी सिलिका जेल गुलाबी झालेली नाही ना, हे आधी पाहावे. आमच्याकडे पावसाळ्यात ती आठवड्याभरात गुलाबी होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

वाळलेली भुकटी अगेटच्या खलात हलक्या हाताने खलून एकसारखी करावी. तासभर जोर लावून घोटू नये, कारण त्याने कणांच्या पृष्ठभागावर दोष निर्माण होतात आणि मोजायची ती भुकटीच बदलते. होल्डर भरताना थर किमान दोन-तीन मिलिमीटर जाड ठेवावा, म्हणजे प्रकाश मागच्या तळापर्यंत पोचून तिथून परत येणार नाही. पुढे जे सूत्र वापरायचे आहे ते थर 'अनंत जाड' आहे असे गृहीत धरते, आणि व्यवहारात याचा अर्थ एवढाच की थर आणखी जाड केला तरी वाचन बदलू नये. वरचा पृष्ठभाग काचेच्या पट्टीने सपाट करावा, पण आरशासारखा चकचकीत होईल इतका दाबू नये. होल्डरला खिडकी असेल तर ती क्वार्ट्झची हवी, कारण साधी काच अतिनील प्रकाश खाते.

आता संदर्भाविषयी. यंत्र नमुन्याचे परावर्तन स्वतंत्रपणे मोजत नसते, ते पांढऱ्या संदर्भाच्या तुलनेत मोजते. संदर्भ मळलेला असेल तर तो मळ उलटा होऊन नमुन्याच्या आलेखात उतरतो. एका मे महिन्यात शेजारच्या बांधकामावर चिरे कापत होते आणि आमच्या खोलीच्या खिडक्या उघड्या होत्या. त्यानंतरच्या मापनांत पांढऱ्याशुभ्र झिंक ऑक्साइडचे परावर्तन ४५० नॅनोमीटरजवळ १०४ टक्के येऊ लागले. शंभराच्या वर वाचन आले की प्रथम संदर्भाकडे पाहावे, नमुन्याकडे नव्हे. बेरियम सल्फेटच्या चकतीवर हात धरून पाहिल्यावर एका कडेला अगदी पुसट गुलाबी छटा दिसली. ती चिऱ्याची धूळ होती, म्हणजे लोहाची ऑक्साइडे, आणि ती नेमका निळा आणि अतिनील प्रकाशच शोषतात. चकती खरवडून टाकून नवे बेरियम सल्फेट दाबल्यावर वाचन जागेवर आले. संदर्भ पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा असेल तर त्याला पाण्याची भीती नाही; वाहत्या पाण्याखाली बारीक पाणकागदाने घासून, वाळवून तो पुन्हा वापरता येतो.

मापन

सर्व दिशांना विखुरलेला प्रकाश गोळा करणारा पोकळ गोल, म्हणजे इंटिग्रेटिंग स्फिअर बसवून, दोन्ही बाजूंना संदर्भ ठेवून बेसलाइन घ्यावी आणि मग नमुना लावून ८०० ते २५० नॅनोमीटरपर्यंत दर १ नॅनोमीटरला परावर्तनाची टक्केवारी नोंदवावी. यंत्राच्या पडद्यावर मोड 'रिफ्लेक्टन्स'च आहे याची खात्री करावी. कित्येक यंत्रे हीच माहिती 'ॲब्सॉर्बन्स' म्हणूनही देतात. तो केवळ परावर्तनाचा लॉगरिदम असतो आणि पुढच्या सूत्रात घालायला निरुपयोगी असतो. ३५० नॅनोमीटरच्या आसपास आलेखात छोटी पायरी दिसली तर ती बहुधा दिवा बदलल्याची खूण असते, पदार्थाची नव्हे. पायरी दिसली की ती नेमकी कुठे आहे याची नोंद ठेवावी, म्हणजे पुढे चुकून तिच्यावरून रेषा जाणार नाही.

स्लिटची बँडविड्थ नोंदवून ठेवणे बहुतेक जण विसरतात. झिंक ऑक्साइडच्या शोषणाच्या कडेजवळ, म्हणजे जिथे शोषण एकदम वाढते त्या ३८० नॅनोमीटरला, २ नॅनोमीटरची बँडविड्थ म्हणजे सुमारे ०.०१७ इलेक्ट्रॉन व्होल्ट होते. त्यामुळे अशा मापनातून ३.२२९४ असा आकडा लिहिणाऱ्याला शेवटचे दोन अंक कुठून आले, हे सांगता येणार नाही.

परावर्तनापासून टॉक आलेखापर्यंत

पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ साली रंगाच्या थरांसाठी जे गणित मांडले, तेच आपण इथे वापरतो. पुरेशा जाड थराचे परावर्तन R असेल तर

```
F(R) = (1 - R)^2 / (2R) = K / S
```

यातला K म्हणजे शोषण आणि S म्हणजे विखुरणे. कडेजवळच्या अरुंद पट्ट्यात S जवळपास स्थिर राहतो असे मानले की F(R) हे शोषणाच्या प्रमाणात बदलते, आणि म्हणून शोषण गुणांकाच्या जागी ते वापरता येते. दुसरा अर्धा भाग यान टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे, ज्यांनी १९६६ मध्ये अस्फटिकी जर्मेनियमवर काम करताना शोषणाची कड सरळ रेषेत मांडण्याची रीत दिली. चेक भाषेत या आडनावाचा उच्चार 'टाउत्स'च्या जवळचा आहे, पण आपल्याकडे सगळे 'टॉक प्लॉट'च म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे. इलेक्ट्रॉन केवळ फोटॉन शोषून, स्फटिकाच्या कंपनांची मदत न घेता उडी मारतो अशा थेट, म्हणजे डायरेक्ट बँड गॅपसाठी ते नाते असे लिहिता येते:

```
(F(R) * E)^2 = B * (E - Eg)
```

E ही फोटॉनची ऊर्जा, Eg हा बँड गॅप आणि B हा एक स्थिरांक, ज्याच्या किमतीशी आपल्याला देणेघेणे नाही. डावी बाजू उभ्या अक्षावर आणि E आडव्या अक्षावर घेतली की कडेचा भाग सरळ रेषेत यावा आणि ती रेषा जिथे शून्याला टेकते ती ऊर्जा Eg असावी, एवढेच या समीकरणाचे म्हणणे आहे.

स्प्रेडशीटमध्ये A स्तंभात तरंगलांबी आणि B मध्ये परावर्तनाची टक्केवारी आहे असे धरले, तर C ते F हे चार स्तंभ पुरतात; D मध्ये तरंगलांबीवरून इलेक्ट्रॉन व्होल्टमधली ऊर्जा निघते:

```
C2: =B2/100
D2: =1239.84/A2
E2: =(1-C2)^2/(2*C2)
F2: =(E2*D2)^2
```

C स्तंभ हास्यास्पद वाटतो, पण सर्वाधिक चुका तिथेच होतात. टक्केवारीला शंभराने न भागता सूत्रात घातले तर ९० टक्के परावर्तनासाठी F(R) ४४ येते आणि १४ टक्क्यांसाठी ६, म्हणजे जिथे भुकटी सर्वाधिक शोषते तिथेच आलेख खाली जातो. कडेच्या पलीकडे वर चढण्याऐवजी उतरणारा आलेख दिसला की इतरत्र शोधत बसू नये, आधी हा भागाकार तपासावा.

रेषा कुठे ओढावी

आपल्या भुकटीच्या मापनातली दर पाच नॅनोमीटरची वाचने पुढे दिली आहेत. शेवटच्या रकान्यात आधीच्या ओळीपासून या ओळीपर्यंतचा उतार आहे, म्हणजे उभ्या अक्षावरील वाढ भागिले ऊर्जेतली वाढ.

| नॅनोमीटर | E | R टक्के | F(R) | (F·E)² | उतार |
|---|---|---|---|---|---|
| ३९० | ३.१७९ | ५०.० | ०.२५० | ०.६३ | – |
| ३८५ | ३.२२० | ३०.० | ०.८१७ | ६.९२ | १५२ |
| ३८० | ३.२६३ | १८.८ | १.७५४ | ३२.७३ | ६०९ |
| ३७५ | ३.३०६ | १४.० | २.६४१ | ७६.२७ | १००१ |
| ३७० | ३.३५१ | ११.९ | ३.२६१ | ११९.४२ | ९६६ |
| ३६५ | ३.३९७ | ११.१ | ३.५६० | १४६.२३ | ५८४ |
| ३६० | ३.४४४ | १०.८ | ३.६८४ | १६०.९५ | ३१२ |

एक ओळ हाताने करून पाहावी, म्हणजे स्प्रेडशीटवर विश्वास बसतो. ३८० नॅनोमीटरला R ०.१८८ आहे, १ मधून वजा केल्यावर ०.८१२, त्याचा वर्ग ०.६५९ आणि त्याला दुप्पट R ने, म्हणजे ०.३७६ ने भागले की १.७५४. त्याला ३.२६३ ने गुणून वर्ग केला की ३२.७ च्या घरातली किंमत येते.

आता उताराचा रकाना वरून खाली वाचावा. सुरुवातीला उतार झपाट्याने वाढतो. ही कडेच्या आधीची शेपटी आहे, जिथे दोषांमुळे आणि उष्णतेच्या थरथरीमुळे बँड गॅपपेक्षा कमी ऊर्जेचा प्रकाशही थोडा शोषला जातो. मग १००१ आणि ९६६ असे दोन जवळजवळ सारखे उतार येतात, आणि पुढे उतार पुन्हा निम्म्यावर आणि तिसऱ्या हिश्श्यावर घसरतो. टॉकच्या समीकरणात उतार B एवढा स्थिर असायला हवा, म्हणून समीकरण जिथे लागू पडते असा मानण्याजोगा टप्पा ३८० ते ३७० नॅनोमीटर एवढाच आहे. त्या तीन बिंदूंतून जाणाऱ्या उत्तम रेषेचा उतार ९८३ येतो आणि ती ऊर्जेच्या अक्षाला ३.२३ ला छेदते.

हेच काम पट्टी लावून नजरेने केले तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. ३८५ ते ३७५ हा तुकडा घेणाऱ्याला ३.२१ मिळते, कारण त्याने शेपटीचा बिंदू आत घेतला. ३७५ ते ३६५ घेणाऱ्यालाही ३.२१ च मिळते, पण वेगळ्या कारणाने, कारण त्याने वरचे वळण आत घेतले. आणि सर्वांत वरचे ३६५ व ३६० हे दोन बिंदू जोडणारा, 'इथे आलेख छान सरळ दिसतो' म्हणत, थेट २.९३ वर जाऊन पोचतो. वरच्या बाजूची ही सरळ दिसणारी रेष फसवी असते. तिथे भुकटी इतकी शोषते की परत येणारा थोडा प्रकाश मुख्यतः कणांच्या पृष्ठभागावरूनच परावर्तित झालेला असतो, थरात शिरून आलेला नसतो. R एका तळाशी येऊन थांबतो आणि F(R) वाढायचे थांबते. शिवाय R ११ टक्के असताना त्यात अर्ध्या टक्क्याची चूक झाली तरी F(R) सुमारे सहा टक्क्यांनी हलते आणि वर्ग केल्यावर बारा टक्क्यांनी. थोडक्यात, वरच्या भागात सूत्रही डळमळीत आणि मापनही डळमळीत.

म्हणून पट्टी बाजूला ठेवून उतार मोजावा. दर नॅनोमीटरच्या आकड्यांत गोंगाट असतो, तेव्हा पाच-पाच बिंदूंचा उतार G स्तंभात काढावा आणि जिथे तो माथ्यावर सपाट होतो तो टप्पा निवडावा. पहिल्या ओळीत मथळे आणि ८०० नॅनोमीटरपासून खाली उतरती वाचने असतील तर ३८० ते ३७० हा टप्पा ४२२ ते ४३२ या ओळींत येतो:

```
G4: =SLOPE(F2:F6,D2:D6)
Eg: =-INTERCEPT(F422:F432,D422:D432)/SLOPE(F422:F432,D422:D432)
```

G4 खालपर्यंत ओढून त्याचाही आलेख काढला तर माथा डोळ्यांना दिसतो. माथा सपाट नसून नुसते टोक असेल, तर सरळ टप्पा मुळात नाहीच असे समजावे. अशा वेळी बहुधा नमुना फार तीव्रतेने शोषत असतो. मग त्याचा ५ ते १० टक्के वजनाचा भाग बेरियम सल्फेटमध्ये हलकेच मिसळून पुन्हा मापन करावे, आणि यावेळी बेसलाइनही त्याच बेरियम सल्फेटवर घ्यावी. विरळ केलेल्या नमुन्यात R तळाला जात नाही, आणि विखुरण्याचे काम मुख्यतः बेरियम सल्फेट करत असल्यामुळे S स्थिर असल्याचे गृहीतकही जास्त खरे ठरते. आमच्या बाकावर हा उपाय जितक्या वेळा वापरायला हवा त्याच्या चौथ्या हिश्श्यानेही वापरला जात नाही, बहुधा बेरियम सल्फेट पुन्हा वजन करून घेण्याच्या कंटाळ्यामुळे.

वर्ग की वर्गमूळ

आतापर्यंत आपण २ हा घात वापरला, कारण झिंक ऑक्साइडचा बँड गॅप डायरेक्ट आहे. जिथे उडीला स्फटिकाच्या कंपनांचीही मदत लागते अशा इनडायरेक्ट पदार्थासाठी, उदाहरणार्थ ॲनाटेज टिटॅनियम डायऑक्साइडसाठी, वर्गाच्या जागी वर्गमूळ येते. नवखे विद्यार्थी दोन्ही आलेख काढतात आणि ज्याचा R-स्क्वेअर, म्हणजे बिंदू रेषेवर किती नेमके बसतात याचे माप, जास्त तो घात बरोबर असे ठरवतात. मीही एके काळी असेच केले होते आणि मौखिक परीक्षेत त्याचे फळ मिळाले होते.

वरच्याच तक्त्यातल्या आकड्यांचे वर्गमूळ घेऊन पाहावे. ३९०, ३८५ आणि ३८० नॅनोमीटरला (F·E) चे वर्गमूळ अनुक्रमे ०.८९, १.६२ आणि २.३९ येते, पहिल्या दोन बिंदूंमधला उतार १७.७ आणि पुढच्या दोन बिंदूंमधला १८.२. ही रेषा वर्गाच्या आलेखातल्या रेषेइतकीच, किंबहुना थोडी अधिकच सरळ आहे, आणि ती अक्षाला ३.१३ ला छेदते. सरळपणावरून निवाडा केला असता तर झिंक ऑक्साइड इनडायरेक्ट ठरले असते आणि बँड गॅप ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्टने कमी. आलेखाचा छोटा तुकडा कोणत्याही घाताने बऱ्यापैकी सरळ करता येतो, कारण शेपटी आणि वरचे वळण यांच्या मधली जागाच अरुंद असते. तेव्हा घात कोणता घ्यायचा हे पदार्थाच्या ज्ञात बँड रचनेवरून ठरवावे आणि अहवालात तसे लिहावे. रचना ज्ञात नसेल तर दोन्ही किमती द्याव्यात. त्यांतली एक बरोबर आहे असे या आलेखावरून म्हणू नये.

रंगीत नमुना आला की

पांढऱ्या भुकटीचा टॉक आलेख कडेच्या आधी जवळजवळ शून्यावर पडलेला असतो, म्हणून रेषा अक्षापर्यंत नेली तरी चालते. नमुन्यात लोह, तांबे किंवा कोबाल्टसारखा धातू घातला की ही सोय जाते. एका विद्यार्थिनीने याच पद्धतीने केलेल्या झिंक ऑक्साइडमध्ये पाच टक्के लोह घातले होते. भुकटी फिकट विटकरी झाली. तिच्या आलेखातल्या कडेची रेषा अशी आली:

```
y = 600*E - 1914
```

ती अक्षाला ३.१९ ला छेदते. शुद्ध भुकटीचे ३.२३ आधीच हातात होते, म्हणून तिने वहीत लिहिले की लोहामुळे बँड गॅप ०.०४ ने घटला. "बाई, रंगही बदललाय, म्हणजे घटलाच असणार ना?" असे तिने विचारले, आणि प्रश्न रास्त होता.

पण तिचा आलेख कडेच्या आधी शून्यावर नव्हताच. २.८ इलेक्ट्रॉन व्होल्टला तो आधीच ९ वर होता आणि तिथून हळूहळू चढत होता, कारण लोहाचे आयन स्वतःच्या पातळ्यांमुळे दृश्य प्रकाश शोषतात. हे शोषण कडेच्या खाली पायथ्यासारखे पसरलेले असते, आणि कडेची रेषा त्या पायथ्यावर उभी असते. पायथा विचारात न घेता रेषा थेट अक्षापर्यंत नेणे म्हणजे टेकडीवरच्या घराची उंची समुद्रसपाटीपासून मोजण्यासारखे आहे. तेव्हा कडेच्या आधीच्या चढत्या भागालाही एक सरळ रेषा बसवावी. तिच्या आलेखात ती अशी होती:

```
y = 30*E - 75
```

आणि दोन्ही रेषा एकमेकींना जिथे छेदतात ती ऊर्जा घ्यावी. ६००E − १९१४ = ३०E − ७५ हे सोडवले की ५७०E = १८३९, म्हणजे E = ३.२२६. दोन दशांशांत ३.२३. घट झालीच नव्हती. रंग बदलला होता तो कडेच्या आधीच्या नव्या शोषणामुळे, कड सरकल्यामुळे नव्हे.

ही दोन रेषांची रीतही अंदाजेच आहे, कारण पायथ्याचे शोषण F(R) मध्ये मिळवलेले असते आणि आपण त्याचा वर्ग केल्यानंतर रेषा ओढतो. पायथा कडेच्या उंचीच्या मानाने बुटका असेल तोवर ती पुरेशी विश्वासार्ह राहते. पायथा आणि कड यांत फरकच करता येईनासा झाला, जसे लोहाचे प्रमाण खूप वाढवल्यावर होते, की टॉक आलेखावरून बँड गॅपचा आकडा देऊ नये. फक्त परावर्तनाचा मूळ आलेख द्यावा.

आकडा लिहिताना

तीन वेगवेगळ्या वेळी होल्डर रिकामा करून, पुन्हा भरून मापन करावे आणि प्रत्येक मापनाला उताराच्या माथ्यावरून टप्पा निवडून Eg काढावा. त्या तीन किमतींतला फरक, टप्पा थोडा इकडे-तिकडे सरकवल्याने होणारा फरक आणि स्लिटची बँडविड्थ या तिन्हींत जो मोठा, तो अनिश्चितता म्हणून लिहावा. आपल्या भुकटीसाठी ते ३.२३ ± ०.०२ इलेक्ट्रॉन व्होल्ट होते.

पुस्तकात झिंक ऑक्साइडच्या स्फटिकासाठी ३.३७ च्या आसपासचा आकडा दिसतो आणि विद्यार्थी विचारतात की आपले कुठे चुकले. चुकले असेलच असे नाही. झिंक ऑक्साइडमध्ये उडी मारलेला इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा, म्हणजे होल, एकमेकांना सुमारे ०.०६ इलेक्ट्रॉन व्होल्टने धरून ठेवतात, हा बंध खोलीच्या तापमानालाही टिकतो, आणि त्यामुळे शोषणाची कड खऱ्या बँड गॅपच्या आधीच सुरू होते. त्यात शेपटीची भर पडते. टॉक आलेख ही प्रकाशीय कड सांगतो आणि भुकटीसाठी ३.२ ते ३.३ ही किंमत अपेक्षितच आहे. म्हणून वेगवेगळ्या नमुन्यांची तुलना करायची असेल तर ती आपल्याच प्रयोगशाळेत, त्याच संदर्भावर, त्याच बँडविड्थला आणि टप्पा निवडण्याच्या त्याच नियमाने काढलेल्या आकड्यांची करावी. त्या विद्यार्थिनीच्या अंतिम अहवालातला तक्ता असाच आहे: शुद्ध नमुना ३.२३ ± ०.०२, पाच टक्के लोहाचा ३.२३ ± ०.०३, आणि खाली टीप, की घात २ घेतला, टप्पा ३८० ते ३७० नॅनोमीटर, दुसऱ्या नमुन्यासाठी पायथ्याच्या रेषेशी छेद घेतला, संदर्भ बेरियम सल्फेट, स्लिट २ नॅनोमीटर.